दीडशे प्लेटींचा दिवस

माझी खाण्याची व्हॅन आहे आणि मी हिशेब पैशांत नाही, प्लेटींत करतो. मालाचे आणि इंधनाचे भाव रोज हलतात, पण "आज हेल्परचा पगार निघायला 12 प्लेटी लागल्या" म्हटलं की दिवस लगेच डोळ्यांसमोर येतो.

नेहमीच्या ऑफिसच्या गेटपाशी साधारण 90 प्लेटी खपतात. त्यातल्या 36 कच्च्या मालात जातात, 12 हेल्परच्या, 10 डिझेल आणि गॅसच्या, 2 जागेच्या. 30 माझ्या.

मागच्या महिन्यात मैदानावरच्या कार्यक्रमाला व्हॅन लावली. गर्दी प्रचंड, म्हणून 220 प्लेटींची तयारी केली आणि हेल्परही दोन घेतले. खपल्या 150. गल्ला उघडला तेव्हा मी खूश होतो. रात्री वही उघडली. माल 60, वाया गेलेला चिरलेला माल 14, हेल्पर 24, जागेचं भाडं 25, डिझेल-गॅस-जनरेटर मिळून 22. हातात उरल्या 5.

भाडं जास्त होतं, पण ते आधीच माहीत होतं. मला सलतं ते मध्यंतर. गिऱ्हाईक दिवसभर तुरळक आणि मग 40 मिनिटांत सगळं एकदम. तव्यावर एका वेळी 8 प्लेटी होतात, एका घाण्याला 5 मिनिटं. म्हणजे त्या वेळात फार तर 64. मागे रांगेत दोनशे माणसं असली तरी आकडा तोच. त्यात ऐन वेळी ज्योत बसली. मला वाटलं, सिलिंडर संपला. हलवून पाहिला तर निम्मा भरलेला, पण खालच्या अंगाला हात लावला तर बर्फासारखा गार, वर दव धरलेलं. एका लहान सिलिंडरवर दोन्ही शेगड्या फुल सोडल्या की असं होतं: आतला द्रव झपाट्यानं वायू होतो, सिलिंडर गार पडतो आणि दाब उतरतो. एका घाण्याला 8 मिनिटं लागायला लागली. 64 च्या जागी 40 निघाल्या.

माझा जुना हेल्पर म्हणाला, "दादा, दुसरा सिलिंडर जोडायला हवा होता." हवा होता, पण तो व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यात होता आणि वाटेत नवा मुलगा उभा. अरुंद व्हॅनमध्ये तिसरा माणूस मदत कमी करतो, वाट जास्त अडवतो. त्याचा दोष नाही, मीच घेतला होता. आणि जनरेटर मात्र विक्री असो-नसो, दिवसभर पेट्रोल पीत होता.

आता जागा बघायला गेलो की मी डोकी मोजत नाही. कडेला उभा राहून तासाभरात माणसं कशी येतात ते बघतो. थोडी थोडी सतत येत असतील तर ती जागा माझ्या तव्याची.

आयोजकांचा परवा पुन्हा फोन आला, भाडं तेच म्हणतात. एकच हेल्पर, 150 चीच तयारी आणि दोन सिलिंडर आधीच जोडलेले, असा हिशेब मी तीनदा मांडला. मध्यंतराच्या 64 काही वाढत नाहीत. अजून उत्तर दिलेलं नाही.