तुम्ही विचारलंत म्हणून: बोलण्यातले शब्द कानाला कुठे तुटतात?

«कानडी माणसं बोलायला लागली की सगळा एकच लांबलचक शब्द वाटतो. ती इतक्या भरभर का बोलतात, आणि मध्ये जरा थांबत का नाहीत?»

थांबत तर आपणही नाही. मी ध्वनिविज्ञान शिकवतो, आणि हा प्रश्न वर्गात आला की उत्तर देण्याआधी मी एका विद्यार्थ्याला एक साधे मराठी वाक्य नेहमीच्या लयीत, एका दमात बोलायला सांगून ते संगणकावर ध्वनिमुद्रित करतो: ‘मी ठरवलं आता काही बोलायचं नाही.’ ॲमस्टरडॅम विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी तयार केलेले Praat नावाचे मोफत सॉफ्टवेअर त्या आवाजाची रेघ पडद्यावर काढून दाखवते. आवाज मोठा असेल तिथे रेघ फुगते आणि शांतता असेल तिथे ती सपाट होते. मग मी वर्गाला विचारतो की या रेघेवर सहा शब्द आणि त्यांच्यामधल्या पाच सीमा कुठे आहेत ते दाखवा. बहुतेकांचे बोट सपाट जागांकडे जाते, आणि नेमके तिथेच फसायला होते.

या वाक्यात रेघ ठळकपणे सपाट होते ती ठ, त, क आणि च या चार ध्वनींच्या आधी. हे ध्वनी उच्चारताना जीभ तोंडातील हवेची वाट क्षणभर पूर्ण बंद करते आणि स्वरतंतूही कंप पावत नसतात, त्यामुळे सेकंदाच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढी खरी शांतता पसरते. यांपैकी ठ आणि क हे शब्दाच्या आरंभी आहेत, म्हणून तिथली शांतता योगायोगाने सीमेवर पडते. त मात्र ‘आता’च्या पोटात आहे आणि च ‘बोलायचं’च्या पोटात. उलट ‘ठरवलं’ आणि ‘आता’ यांच्यामध्ये, तसेच ‘बोलायचं’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये, शब्द बदलतो तरी रेघेत खंड नाही. ‘काही’नंतरच्या ब ला रेघ थोडी दबते, पण घोष, म्हणजे स्वरतंतूंचा कंप, चालूच राहतो. थोडक्यात, शांतता ही तोंडाच्या हालचालीची खूण आहे, शब्दाच्या सीमेची नाही. लिहिताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतो, आणि त्या सवयीमुळे बोलण्यातही ती जागा असणारच असे आपण गृहीत धरतो.

मग मराठी ऐकताना ती जागा इतकी स्पष्ट का जाणवते? कारण ती आपण ऐकत नसतो, आपल्या शब्दसंग्रहाच्या जोरावर निर्माण करत असतो. वरच्याच वाक्याची सुरुवात पाहा. ‘मी’ नंतर ‘ठ’ आला की कानाशी ‘मीठ’ हा पूर्ण, रोजच्या वापरातला शब्द तयार होतो. त्या क्षणी ‘मीठ’ आणि ‘मी’ हे दोघेही दावेदार असतात. पण पुढचे ध्वनी येतात आणि ‘मीठ’ मानले तर मागे ‘अरवलं’ असा तुकडा उरतो, ज्याला मराठीत जागाच नाही. ‘मी’ मानले तर ‘ठरवलं’ हा धडधाकट शब्द हाती लागतो, आणि एकही ध्वनी शिल्लक राहत नाही. तसेच ‘आता काही’ या चार अक्षरांत ‘ताका’ दडलेला आहे, आणि ‘बोलायचं’मध्ये ‘बोला’. पण ‘ताका’च्या आधी एकटा ‘आ’ उरतो, आणि ‘बोला’च्या मागे ‘यचं’ लोंबकळत राहते. जी फोड सगळे ध्वनी पुरवून वापरते आणि अर्थाशीही जुळते ती जिंकते. आपल्याला या स्पर्धेचा पत्ताही लागत नाही. कानी पडतात ते सहा सुटे शब्द.

या स्पर्धेत मागे काय उरते याला किती महत्त्व आहे, हे 1997 साली डेनिस नॉरिस, जेम्स मॅक्वीन, ॲन कटलर आणि सॅली बटरफील्ड यांनी एका नेटक्या प्रयोगातून दाखवले. इंग्रजी श्रोत्यांना निरर्थक ध्वनींत दडलेला खरा शब्द ओळखायचा होता. ‘वफॅपल’मधला ‘ॲपल’ त्यांना तुलनेने सहज सापडला, पण ‘फॅपल’मधला सापडायला वेळ लागला आणि चुकाही अधिक झाल्या. ‘वफ’ हा निदान शब्द असू शकतो, पण नुसता ‘फ्’ हा स्वराविना एकटा ध्वनी कधीच शब्द असू शकत नाही, म्हणून कान ती फोड मनावरच घेत नाही. ‘पाठ’ ऐकताना त्यातला ‘आठ’ आपल्याला सतावत नाही, त्याचे कारण मला यात दिसते: ‘आठ’ काढून घेतला तर मागे केवळ ‘प्’ उरतो.

इथे एक रास्त शंका येते. शब्द माहीत असले तरच शब्द तोडता येत असतील, तर ज्याला एकही शब्द माहीत नाही ते तान्हे मूल सुरुवात कुठून करते? या शंकेचे सर्वांत गाजलेले उत्तर रॉचेस्टर विद्यापीठातील जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी 1996 साली दिले. त्यांनी ‘बिदाकू’, ‘पादोती’, ‘गोलाबू’, ‘तुपीरो’ असे चार बनावट शब्द घेतले आणि यांत्रिक, सपाट आवाजात, कुठेही न थांबता, उलटसुलट क्रमाने आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटे ऐकवले. त्या प्रवाहात ना विराम होता, ना आघात, ना अर्थ. सुगावा एकच होता: ‘बि’नंतर नेहमी ‘दा’च येत असे, पण ‘कू’नंतर उरलेल्या तीन शब्दांपैकी कुठलाही शब्द सुरू होऊ शकत असे. म्हणजे शब्दाच्या आत पुढचे अक्षर ठरलेले, आणि शब्द संपला की शक्यता एक तृतीयांशावर घसरलेली.

नंतर बाळांना कधी ‘बिदाकू’सारखा पूर्ण शब्द, तर कधी एका शब्दाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ मिळून झालेला तुकडा ऐकवला. बाळ ध्वनिवर्धकाशेजारच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राही तोवर आवाज चालू राही, म्हणून ते किती वेळ ऐकते हे मोजता आले. सीमा ओलांडणारे तुकडे बाळांनी अधिक वेळ ऐकले, कारण ते त्यांना नवखे वाटले. दोन मिनिटांत त्यांनी अक्षरांच्या सोबतीचा हिशेब मांडला होता. या प्रयोगाला एक मर्यादा आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. त्यातले सगळे शब्द तीन अक्षरांचेच होते. एलिझाबेथ जॉन्सन आणि मायकेल टायलर यांनी 2010 साली शब्दांची लांबी कमीजास्त ठेवली, तेव्हा याच वयाच्या बाळांना ते जमले नाही. खऱ्या भाषेत हा हिशेब एकट्याने पुरत नाही. लय, स्वराचा चढउतार आणि आधीच ओळखीचे झालेले शब्द यांची जोड लागते. हेदर बोर्टफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवले की सहा महिन्यांचे बाळ स्वतःच्या नावालगत येणारा नवा शब्द अचूक वेगळा काढते. नाव ओळखीचे असल्याने ते जिथे संपते तिथे पुढच्याची सुरुवात आपोआप मिळते.

आता तुमच्या कानडीकडे येतो. ‘ठाऊक नाही’ याला कानडीत ‘गोत्तिल्ल’ म्हणतात. हे ‘गोत्तु’ आणि ‘इल्ल’ असे दोन शब्द आहेत, पण पुढे स्वर आला की आधीच्या शब्दाच्या शेवटचा उ गळतो आणि दोन्ही एकजीव होतात. त्याची रेघ काढून पाहिली तर सर्वांत ठसठशीत शांतता दिसते ती ‘त्त’ या जोडध्वनीवर, म्हणजे पहिल्या शब्दाच्या ऐन मध्यावर. जिथे खरोखर शब्द बदलतो तिथे काहीही नाही. मराठी कानाला मोह होतो तो त्या शांततेवरच ‘गोत’ आणि ‘तिल्ल’ असे तुकडे पाडण्याचा, आणि ‘गणगोत’मधला ‘गोत’ ओळखीचा असल्याने हा मोह आणखी बळावतो. मराठीत शब्दान्तीचा अ बहुधा गळतो, ‘घर’, ‘हात’, ‘गोत’ असे व्यंजनात संपणारे शब्द पदोपदी भेटतात. कानडीत बहुतेक शब्द स्वरात संपतात. म्हणजे आपण कानडीवर जी कात्री चालवतो ती मराठीच्या मापाची असते. तुकडे चुकीचे पडतात, कुठल्याही तुकड्याला अर्थ मिळत नाही, मागे उरलेल्या ध्वनींचा ढीग साचतो आणि तोवर पुढचे वाक्य येऊन आदळते. आपल्याला वेग वाटतो तो मुख्यतः हा साचलेला ढीग असतो. निरनिराळ्या भाषांचा सेकंदाला अक्षरे बोलण्याचा वेग सारखा नसतो हे खरे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही: अनोळखी भाषेचे ध्वनिमुद्रण अर्ध्या वेगाने लावले तरी त्यातून शब्दांच्या सीमा वर येत नाहीत.

सीमा सापडू लागतात त्या ‘इल्ल’सारख्या ठिकाणी. ‘बरलिल्ल’ म्हणजे आला नाही, ‘होगलिल्ल’ म्हणजे गेला नाही, ‘हेळलिल्ल’ म्हणजे सांगितले नाही. आधीचा भाग बदलत राहतो आणि शेपूट तेच राहते. सोलापूर-अक्कलकोटकडच्या बाजारात वावरणाऱ्या मराठी माणसाच्या कानात हे ‘इल्ल’ कुणी न शिकवता सुटे होते, आणि मग त्याच्या आधीचा तुकडाही हाती येऊ लागतो.

शब्द माहीत असूनही भाषा गढूळ ऐकू येते, असा अनुभव मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजीबद्दल सांगतात, आणि त्यांची तक्रार खरी आहे. त्यांच्याजवळचे शब्द कागदावरून आलेले असतात. ‘टर्न’, ‘इट’ आणि ‘ऑफ’ हे तिन्ही त्यांना ठाऊक असतात, पण बोलणारा ‘टर्निटॉफ’ म्हणतो तेव्हा त्या साठ्यातला एकही शब्द जुळत नाही. अशांना मी चित्रपट पाहताना उपशीर्षके मराठीत नव्हे तर इंग्रजीतच ठेवायला सांगतो. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी 2009 साली डच प्रेक्षकांना अनोळखी ढंगाची स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजी ऐकवली. इंग्रजी उपशीर्षके वाचणाऱ्यांना तीच बोली नंतर उपशीर्षकांविना अधिक नीट ऐकू आली. डच उपशीर्षके वाचणाऱ्यांना कथा समजली, पण नव्या वाक्यांतले शब्द ओळखण्यात, उपशीर्षके मुळीच न पाहिलेल्यांच्याही ते मागे पडले.