सात, सहा, एक, शून्य

आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये तीन बिटांचा अप-डाउन काउंटर वर मोजायला लागला की सगळे खूश असतात. खरी मजा तो खाली उतरताना असते. परवा खानापूरकडच्या एका पोरानं हाक मारली, "सर, वर बरोबर जातंय, खाली येतानाच असं का करालंय?" दिवे बघितले तर 7, 6, 1, 0, 3, 2, 5, 4 आणि पुन्हा 7. आठही आकडे हजर, फक्त रांग बिघडलेली. मला तर ती चूकच आवडली.

हा काउंटर टी फ्लिप-फ्लॉपचा, म्हणजे एकेक बिट साठवणाऱ्या सर्किटांचा. टी फ्लिप-फ्लॉपचं एक्सायटेशन टेबल दोन ओळींत सांगता येतं. बिट बदलायचा असेल तर T ला 1, तसाच ठेवायचा असेल तर 0. म्हणून Q2, Q1, Q0 या तीन बिटांच्या सोळा ओळी भरताना, म्हणजे आठ वर जायच्या आणि आठ खाली यायच्या, फक्त आत्ताची आणि पुढची स्थिती शेजारी ठेवून कुठे फरक पडतो ते बघायचं. दिशेचा बिट M. तो 0 असला तर वर, 1 असला तर खाली. शेवटचा बिट दर ठोक्याला उलटतोच, म्हणून T0 = 1. वर जाताना पुढचा बिट खालचे सगळे 1 असले की उलटतो, उतरताना खालचे सगळे 0 असले की. म्हणजे नियम एकच, M फक्त Q कडे बघायचं की त्याच्या उलट्याकडे एवढंच ठरवतो. हे काम एक्सॉर गेट करतं:

```
T1 = M ⊕ Q0
T2 = (M ⊕ Q1)·(M ⊕ Q0)
```

के-मॅप मांडून पोरं T2 = M'Q1Q0 + MQ1'Q0' असं लिहितात. तेही बरोबरच, पण वरच्या रूपात वायरी कमी लागतात.

आता त्या पोराचा बोर्ड. खालचे दोन बिट 3, 2, 1, 0 असे शिस्तीत उतरत होते, म्हणजे T0 आणि T1 ठीक. घोळ फक्त T2 मध्ये. 6 म्हणजे 110. इथून उतरताना Q1 हा 1 आहे, म्हणून T2 ला 0 मिळून 101 यायला हवं. त्याच्याकडे 001 आलं, म्हणजे वरचा बिट उगाच उलटला. अँड गेटला एक्सॉरमधून आलेला Q1 न देता थेट Q1 दिलेला होता. वर मोजताना M शून्य, तेव्हा दोन्ही वायरींवर तेच येतं. चूक दिसणार कशी?

वायर बदलली, काउंटर सुतासारखा सरळ झाला. मग तो पोरगा मोजणी चालू असतानाच दिशेचा स्विच खटाखट फिरवायला लागला. बाजारात टी फ्लिप-फ्लॉपची आयसी सहसा मिळत नाही, आम्ही 7476 चे J आणि K जोडून तो बनवतो. जुन्या 7476 मध्ये क्लॉक वर असताना J-K हलले, तर क्षणभर आलेला 1 सुद्धा तो पकडून ठेवतो. म्हणून म्हटलं, "क्लॉक खाली आहे तेव्हाच फिरव बाबा."