टर्बाइन ब्लेडमधून हवा किती जाते, हे तपासताना

विमानाच्या इंजिनात ज्वलनकक्षाच्या मागे, स्थिर पात्यांच्या एका रांगेनंतर, टर्बाइनच्या फिरत्या ब्लेडची पहिली रांग असते. तिच्यावर येणारा वायू सुमारे 1600 अंश सेल्सिअसचा असतो आणि ब्लेडचा निकेल मिश्रधातू 1350 अंशांच्या आसपास वितळायला लागतो. असे वापरलेले ब्लेड दुरुस्त करण्याच्या विभागात मी काम करतो. सिरॅमिकचं नवं कोटिंग होऊन आलेला एक संच हवेचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लो बेंचवरून पास करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

ब्लेड आतून पोकळ असतं. कॉम्प्रेसरमधली काही हवा ज्वलनकक्षात न जाता मुळाकडून ब्लेडमध्ये शिरते, आतल्या नागमोडी वाटांनी फिरते आणि पृष्ठभागावरच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या छिद्रांतून बाहेर पडून ब्लेडवर पातळ थर पसरवते. ही ‘थंड’ हवा दाबली गेल्यामुळे मुळातच 650 अंशांची असते! वायू 1600 आणि धातू 1050 अंशांवर ठेवायचा, तर उपलब्ध 950 अंशांच्या फरकापैकी 550 अंश वाचवावे लागतात, म्हणजे जवळपास 58 टक्के. त्यासाठी आतलं थंडावणं, बाहेरचा थर आणि कोटिंग ही तिन्ही लागतात.

बेंचवर ब्लेडच्या मुळाला ठरावीक दाबाची हवा देऊन प्रवाह मोजतात. काही ब्लेडचे आकडे मर्यादेखाली आले. कोटिंग छिद्रांच्या तोंडाशीही बसतं, हे नेहमीचंच. त्यामुळे तोंडं मोकळी करून घेतली. इथे घाई चालत नाही. छिद्र मोठं झालं तर तिथून जास्त हवा निघते, बाकीच्या ओळींची कमी होते, आणि जोरात निघालेली हवा पृष्ठभागाला न चिकटता उचलली जाते.

पुन्हा मोजल्यावर सगळे मर्यादेत बसले, तरी मी पाण्याने तपासणी केलीच. मुळातून पाणी सोडलं की प्रत्येक छिद्रातली धार डोळ्यांना दिसते. एका ब्लेडच्या पुढच्या कडेवर, मुळाजवळच्या सलग काही छिद्रांतून धार बारीक आणि वाकडी येत होती. एकूण आकडा मात्र बरोबर होता, कारण मागच्या कडेची छिद्रं किंचित मोठी होती. माझ्या मते एकूण प्रवाहावर विसंबणं म्हणूनच धोक्याचं आहे. पुढच्या कडेशी वायूचा दाब सर्वांत जास्त असतो. आतला दाब त्याहून थोडाच वर असतो. तो घसरला तर गरम वायू छिद्रांतून उलटा आत शिरतो.

ठरावीक जाडीची सळई असलेला पिन गेज छिद्रातून सहज गेला, म्हणजे अडथळा तोंडाशी नव्हता. बोअरस्कोपने, म्हणजे आत डोकावणाऱ्या बारीक दुर्बिणीने, आतल्या वाटेत पाहिलं, तर वळणाच्या कोपऱ्यात तपकिरी धूळ भाजून घट्ट बसलेली होती. ब्लेड आतून धुवायला परत पाठवलं. धुऊन आल्यावर पुढच्या कडेच्या धारा सरळ झाल्या, पण मागच्या कडेच्या मोठ्या छिद्रांमुळे एकूण प्रवाह वरच्या मर्यादेच्या पुढे गेला आणि ते ब्लेड बाद करावं लागलं.