‘लव्ह यू, आई’चं वजन

फोन ठेवता ठेवता ‘लव्ह यू, आई’ म्हणणाऱ्या मुलाला तेच मराठीत म्हणायला सांगा. ‘आई, माझं तुझ्यावर प्रेम आहे.’ पलीकडून लगेच विचारणा होईल, ‘काय रे, बरा आहेस ना?’

थोडा दोष व्याकरणाचा. ‘आय लव्ह यू’ला समोर कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. मराठीत आधी तू की तुम्ही ते ठरवावं लागतं. ‘बाबा, माझं तुमच्यावर प्रेम आहे’ हे सत्कार समारंभातलं वाक्य वाटतं. जन्मभर ‘अहो’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी तर ते नाटकातलंच. शिवाय ‘प्रेम’ हा शब्द आपण बहुधा तिसऱ्याबद्दल बोलताना काढतो: ‘तिचं फार प्रेम आहे हो त्याच्यावर.’ तोंडावर म्हणताना तो ऐकलेला असतो रंगमंचावर नाहीतर पडद्यावर, म्हणून तो संवाद वाटतो. घरात माया असते, लळा असतो, कुणीतरी जीव लावलेला असतो. ‘मला तू आवडतेस’ हे त्यातल्या त्यात खरं बोलीतलं, पण अळूवडीही आवडतेच की!

तरी सगळं व्याकरणावर ढकलता येत नाही. 2003 साली मानसशास्त्रज्ञ कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्यांना शब्द ऐकवले, दाखवले. मन हललं की हाताला किंचित घाम येतो, त्वचेतून वीज जास्त सहज वाहते. मोजायचं ते एवढंच. लहानपणी खाल्लेल्या बोलण्यांना, म्हणजे आपल्या ‘शी! लाज नाही वाटत?’च्या जातीच्या वाक्यांना, तुर्कीत मिळालेला प्रतिसाद इंग्रजीपेक्षा ठळकपणे जास्त होता. कारण समजण्यासारखं आहे. मातृभाषेतले शब्द शिकताना त्यांच्यासोबत आवाज, वटारलेले डोळे, पाठीवरचा धपाटाही आत गेलेला असतो. इंग्रजी शब्द वर्गात, फळ्यावरच्या अर्थासकट आला. त्याला अंग नव्हतं. त्यामुळे ‘सॉरी’ धक्का लागला तरी निघतं, ‘माझं चुकलं’ म्हणायला मान खाली घालावी लागते.

पण हा हलकेपणा कायमचा नाही. भाषाशास्त्रज्ञ ज्याँ-मार्क देवेल यांनी बहुभाषकांना नेमकं ‘आय लव्ह यू’चं वजन विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांना ते पहिल्या भाषेत जास्त जड वाटलं, बाकीच्यांना नाही. भाषा किती वयात आणि कुठे शिकली, ती रोज किती वापरली, यावर ते ठरत होतं. एक मराठी, एक कन्नड, आणि घरात इंग्रजी, असा संसार घ्या. रुसवेफुगवे, तापातल्या रात्री, पोराचं बारसं ठरवणं, सगळं इंग्रजीत. अशा घरात पंधरा वर्षांनी भांडणानंतरचं ‘आय लव्ह यू’ही घशात अडकतं.