काजळी, डिंक आणि मायफळ: इस्तंबूलमधले शाईचे चार दिवस

सुलेमानिये मशिदीत शिरल्यावर सगळे घुमटाकडे बघतात. मी मात्र मागे वळून मुख्य दरवाजाच्या वरच्या भागाकडे बघत होते. तिथल्या कमानींच्या मागे एक लहानशी खोली आहे. मिमार सिनानने ही मशीद 1550 ते 1557 या काळात बांधली, तेव्हा आत शेकडो तेलाचे दिवे जळत असत. त्यांची काजळी भिंतींवर बसू नये म्हणून हवेचा प्रवाह असा खेळवला होता की धूर ओढला जाऊन या खोलीत यावा. खोलीत साचलेली काजळी खरवडून घ्यायची आणि तिची शाई करायची. आता ते दिवे विजेचे आहेत आणि खोली मी खालूनच पाहिली. पण ज्या धुराने भिंती काळ्या झाल्या असत्या, त्याच धुराने पोथ्या लिहिल्या गेल्या हे कळल्यावर माझी नजर तिथून हलेना.

मी मोडी लिहायला शिकते, बोरूने. शाई मात्र बाजारातून बाटलीत येते, आणि ती कशी तयार होते हे मला कधी कळलं नव्हतं. म्हणून इस्तंबूलच्या आठवड्यातले चार दिवस एका छोट्या कार्यशाळेत नाव घातलं. शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे 'होजाम' म्हणत, म्हणजे 'गुरुजी'. मीही तसंच म्हणू लागले.

पहिल्या दिवशी काजळी धरली. जवसाच्या तेलाचा दिवा, जाड कापसाची वात आणि वर उपडं मातीचं भांडं. लहानपणी घरी तुपाचा दिवा लावून वर तांब्याची ताटली धरून काजळ पाडत असत, तेच काम. पण होजाम भांडं दिव्यापासून किती उंच आहे याकडे फार बारकाईने बघत होते. भांडं ज्योतीला टेकलं तर ज्योत गुदमरते आणि तपकिरी, तेलकट काजळी जमते. फार वर धरलं तर काजळी हवेत उडून जाते. माझी पहिली काजळी तपकिरीच निघाली. बोटाला लावून चोळली तर डाग पसरला आणि कडेला तेलाची पिवळट झाक दिसली. चांगली काजळी पिसासारखी हलकी असते, बोटावर मखमलीसारखी बसते आणि तिला तेलाचा वास येत नाही. दोन तास बसून मला दोन चमचेसुद्धा मिळाली नाही. सुलेमानियेतल्या त्या खोलीचं मोल तेव्हा खरं समजलं.

आता हीच काजळी पाण्यात टाकली तर काय होतं? काहीच होत नाही. ती वर तरंगत राहते, कारण काजळीचा कण पाण्याला जवळ येऊ देत नाही. तिथे डिंक लागतो. बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक कणाभोवती पातळ लेप धरतो. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत आणि वाळल्यावर तोच डिंक काजळीला कागदावर धरून ठेवतो. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस याने काजळीच्या शाईचं प्रमाण लिहून ठेवलं आहे: तीन भाग काजळी, एक भाग डिंक. तो आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या अनाझार्बसचा, त्यामुळे होजाम त्याचं नाव गाववाल्यासारखं घेत होते. आम्ही 6 ग्रॅम काजळी आणि 2 ग्रॅम डिंक घेतला.

डिंक थोड्याशा कोमट पाण्यात रात्रभर भिजवून मधासारखा दाट केला होता. संगमरवरी पाटावर काजळी ठेवून त्यावर डिंकाचा एकेक थेंब टाकायचा आणि काचेच्या वरवंट्याने घोटत राहायचं. घाईने सगळं पाणी ओतलं की गाठी होतात आणि मग त्या कशानेही मोडत नाहीत. पहिला अर्धा तास सगळं काळ्या वाळूसारखं वाटतं. मग हळूहळू वरवंट्याखालचा आवाज बदलतो, खरखर थांबते आणि लोण्यासारखं सरकायला लागतं. आम्ही अडीच तास घोटलं. मग त्याच्या वड्या करून वाळवल्या. लागेल तेव्हा वडी पाण्यात उगाळायची, सहाणेवर गंध उगाळतो तशी.

डिंकाचं माप चुकलं हे कसं ओळखायचं, तेही तिथेच दाखवलं. डिंक कमी पडला तर वाळलेली रेघ बोटाने पुसली जाते. जास्त झाला तर रेघ चकाकते आणि कागद वाकवला की तिला बारीक तडे जाऊन खपल्या पडतात.

ही शाई कागदात मुरत नाही, ती वर बसते. तुर्की लेखक कागदाला अंड्याच्या पांढऱ्याचा आणि तुरटीचा लेप देत, तो मुरू देत आणि मग घोटून गुळगुळीत करत. अशा कागदावर चूक झाली तर ओल्या बोटाने किंवा चक्क जिभेने अक्षर पुसता येतं. 'शाई चाटलेला' असा तुर्कीत वाक्प्रचारच आहे, आणि त्याचा अर्थ शिकलेला माणूस. मी एक आडवी रेघ मारून वाळवली, ओलं बोट फिरवलं आणि ती खरोखर निघून गेली. कागद जवळपास कोरा! हीच काजळीची शाई शतकानुशतकं काळीभोर राहते, उन्हाने फिकी पडत नाही, कारण कार्बनचं उन्हात काही बिघडत नाही. तिला धोका फक्त पाण्याचा.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या शाईसाठी एमिनोन्यूच्या मसाला बाजारात गेलो. होजामनी दुकानदाराकडे 'मझी' मागितली. मला तो शब्द 'माझी' असाच ऐकू आला. दुकानदाराने कागदावर टिचभर आकाराचे, गाठीगाठींचे, हिरवट-करडे गोळे ओतले आणि मी जागीच थबकले. ते मायफळ होतं. बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग यांच्याबरोबर असतं तेच मायफळ. आजी सहाणेवर त्याचे दोन वेढे उगाळायची. त्याला माजूफळही म्हणतात, आणि तुर्कीतलं 'मझी' काय, आपलं 'माजू' काय, दोन्हीचं मूळ फारसीतल्या 'माझू'त.

नावात फळ असलं तरी ते फळ नाही. एक अगदी छोटी गांधीलमाशी ओकच्या कळीत अंडं घालते. आतल्या अळीभोवती झाड गाठ वाढवतं आणि त्या गाठीत तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, भरून ठेवतं. चांगल्या मायफळात निम्म्याहून अधिक वजन टॅनिनचंच असतं. माशी आतून पोखरून बाहेर पडली की मायफळ हलकं होतं आणि त्यातलं टॅनिनही घटतं. म्हणून होजाम एकेक गोळा हातात घेऊन वजन बघत होते आणि भोक असलेले बाजूला काढत होते. गडद, जड आणि भोक नसलेली मायफळं शाईला. फिकी, हलकी, भोकाची नकोत.

ती खलबत्त्यात कुटून भिजवायची असतात, चार-पाच दिवस तरी. आमच्यासाठी कार्यशाळेत आधीच बरणी भिजत होती: 30 ग्रॅम मायफळ, 250 मिलिलिटर पावसाचं पाणी. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी रंग बिघडतो, म्हणून पावसाचं. गाळून घेतल्यावर कोऱ्या चहासारखं पाणी मिळालं. त्यात 10 ग्रॅम हिराकस थोड्या पाण्यात विरघळवून घातली आणि चमच्याच्या दोन फेऱ्यांत चहा जांभळट काळा झाला. शेवटी 10 ग्रॅम डिंक. इथे डिंकाचं काम वेगळं आहे. तो शाईला थोडा दाटपणा देतो, नाहीतर ती पाण्यासारखी पसरते, आणि तयार होणारे काळे कण तळाशी बसू देत नाही.

त्या शाईने लिहिलेली पहिली ओळ मला फसल्यासारखी वाटली. फिकट राखाडी! होजाम म्हणाले, "चहा प्या." चहा पिऊन आले तर ओळ गडद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ण काळी होती. हिराकशीतलं लोह आणि मायफळातलं टॅनिन यांचा संयोग आधी पाण्यात विरघळलेला असतो, म्हणून तो कागदाच्या तंतूंत शिरतो. मग हवा लागून तिथेच काळा होतो आणि पुन्हा विरघळत नाही. काजळीची शाई चामड्याच्या पानांवरून खपल्या होऊन निघते, ही मात्र चामड्यात रुतते. युरोपातल्या लेखकांनी हिलाच जवळ केलं ते यासाठीच.

पण रुतते म्हणजे खातेही. या संयोगात आम्ल सुटतं, आणि हिराकस मापापेक्षा जास्त पडली तर उरलेलं लोह कागद कुजवत राहतं. आधी अक्षराभोवती तपकिरी छटा येते, मग पानाच्या मागच्या बाजूला अक्षर उमटतं आणि शेवटी अक्षराच्या जागी भोक पडतं. होजामनी उजेडासमोर धरलेलं जुनं पान मी विसरणार नाही. ओळी होत्या, पण अक्षरांतून पलीकडची खिडकी दिसत होती. म्हणून मायफळ तिप्पट आणि हिराकस एक भाग, या प्रमाणावर ते अडून बसले होते.

चौथा दिवस लेखणीचा. आदल्या संध्याकाळी मी एमिरगानला साकिप सबांजी संग्रहालयात जाऊन आले होते. तिथे हस्तिदंती पट्ट्या मांडलेल्या दिसल्या, बोटभर रुंद, मधे खाच. त्यांचा उपयोग होजामच्या हातात बघितला. त्या पट्टीला 'मक्ता' म्हणतात. त्यांच्याकडची हाडाची होती.

बोरू नदीकाठचा, तांबूस तपकिरी झालेला. ताजा कापलेला बोरू पिवळा आणि मऊ असतो. तो शेणखतात बराच काळ पुरून ठेवला की ऊब आणि ओल मिळून कठीण होतो. पहिला काप लांब, उतरता, एका ओढीत. मग आतला भुसभुशीत गर खरवडून टाकायचा, नाहीतर तो शाई पितो आणि टोक फुगतं. दोन्ही बाजू निमुळत्या करायच्या. मग टोकाला उभी चीर, जिच्यातून शाई खाली उतरते. चीर मधोमध नसेल तर एका बाजूची रेघ कोरडी येते. शेवटी बोरू मक्त्याच्या खाचेत ठेवायचा, सुरी टोकावर तिरकी टेकवायची आणि दाबायचं. 'टक्' असा एकच स्वच्छ आवाज आला पाहिजे. आवाज भरडा आला की समजायचं, टोक कापलं गेलं नाही, चिरडलं गेलं.

माझे तीन बोरू चिरडले. चौथ्याला 'टक्' आलं आणि होजामनी मान हलवली. समर्थांनी दासबोधात लेखनाविषयी सांगताना नाना देशींचे बरू आणायला सांगितले आहेत, ते मला त्या क्षणी फार जवळचं वाटलं.

दौतीत कच्च्या रेशमाचा पुंजका होता. शाई त्यात मुरलेली असते. त्यावर बोरू हलकेच दाबला की हवी तेवढीच शाई येते, थेंब गळत नाही आणि टोक दौतीच्या तळावर आपटत नाही. पुण्याला परतल्यावर सगळ्यात आधी मी हेच केलं, आणि माझ्या मोडीतले ओळीच्या सुरुवातीचे डाग बंद झाले.

मायफळाची शाई मात्र घरी पहिल्यांदा नीट जमली नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून बारा मायफळं आणली होती. घरी येऊन उजेडात बघितली तर नऊंना भोक. गुटीला ती चालतात. शाई तपकिरीच राहिली, दुसऱ्या दिवशीही. आता दुकानात पुडी उघडून बसते, एकेक हातावर तोलून घेते, आणि काउंटरवरची काकू विचारते, "अहो, बाळ केवढं आहे?"