पोहण्याचा कॉस्च्युम ‘वाढत्या अंगाचा’ घेण्याआधी

मुलीची उन्हाळी बॅच टिळक टँकवर लागली. फॉर्म, फोटो, डॉक्टरांचा दाखला, सगळं भराभर उरकलं. अडलं ते कॉस्च्युमपाशी. त्या काउंटरवरचा वैताग अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लक्ष्मी रोडच्या बाजूचं मोठं दुकान, एप्रिलची गर्दी. कॉस्च्युमवर माप म्हणून फक्त वय लिहिलेलं: ७-८, ९-१०, ११-१२. ट्रायल नाही, हे मला मान्य आहे. अंगाला घट्ट बसणारा कपडा दहा मुलींनी घालून पाहावा असं मलाही वाटत नाही. पण बदलूनही मिळणार नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून दाखवणारही नाही म्हणे! मग माप ठरवायचं कशावरून? विक्रेत्याने मुलीकडे नजर टाकली आणि ११-१२चा पुढे सरकवला. “वाढत्या अंगाचा घ्या ताई, दोन वर्षं बघायला नको.” मुलगी सात वर्षांची.

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतलेला चालतो. बाही दुमडता येते, शिलाईत मार्जिन असतं. एकसंध कॉस्च्युमचं तसं नसतं. तो खांद्यावरून निघून पायांमधून मागे जातो आणि पुन्हा खांद्यावर येतो, म्हणजे तो एक बंद वेढा असतो. हा वेढा सैल असेल तर पट्टे खांद्यावरून घसरतात. भिंतीला पाय लावून मूल पुढे झेपावलं की गळ्यातून पाणी आत शिरतं, पोटाशी फुगा होतो आणि मांडीपाशी कड सुटते. शिवाय ओला झाला की कापड आणखी सैलावतं. कोरडा असताना ‘बरा बसतोय, जरा मोकळा आहे’ असं वाटतं, तो पाण्यात ढगळच होतो.

वयाचं माप इथे फारसं उपयोगी पडत नाही ते याच वेढ्यामुळे. माझ्या मुलीची उंची १२४ सेंटीमीटर, छातीही तिच्या वयाला साजेशी, पण पाय आखूड आणि धड लांब. म्हणून मी घरूनच माप घेऊन गेले होते. मूल ताठ उभं करायचं. टेप एका खांद्याच्या मध्यावर धरायची, छातीवरून खाली, पायांमधून मागे आणि पाठीवरून त्याच खांद्यावर. टेप टेकलेली हवी, आवळलेली नको. तिचा वेढा १२० भरला. कॉस्च्युम सपाट पसरला की समोरची आणि मागची बाजू एकावर एक येतात, म्हणून मोजायचा आकडा त्याचा निम्मा, म्हणजे ६०.

हेच मी काउंटरवर सांगत होते. मला घालून बघायचा नाही, फक्त पिशवीतून काढून टेप लावू द्या. उत्तर एकच: “असं कोणी मोजत नाही.” मागची रांग कुरकुरायला लागली. एक आजोबा म्हणाले, “घ्या हो ११-१२चा, मुलं काय भराभर वाढतात.” मुलगी माझा हात ओढायला लागली. मी हटले नाही. पैसे माझे, कॉस्च्युम परत घेणार नाही तुम्ही, मग मोजून घेण्याचा हक्क माझाच. शेवटी आतून मालक आले, त्यांनी पिशव्या उघडायला सांगितल्या आणि काचेवर तिन्ही कॉस्च्युम पसरले.

खांद्याच्या टोकापासून खाली पायांमधल्या शिवणीपर्यंत ७-८चा भरला ४६, ९-१०चा ५० आणि ११-१२चा ५४. मग दोन्ही टोकं धरून प्रत्येक हळूहळू ६०पर्यंत ताणला. ७-८चा पोहोचला, पण जोर लावून. तो खांद्याला आणि जांघेत काचला असता. ११-१२चा जेमतेम ताणला आणि ६० झाले. ओला झाल्यावर त्यात पकड उरली नसती. ९-१०चा सहज ६०ला आला आणि पुढेही ताण शिल्लक होता. तोच घेतला. मालकांनी टेप हातात घेऊन स्वतः एकदा मोजून पाहिलं, याचं मला मनापासून समाधान वाटलं.

वाढीचं काय, तर ती त्या शिल्लक ताणातच मावते. या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर उंच होतात आणि वेढा चार-पाचने वाढतो. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच कॉस्च्युमला ६०ऐवजी ६२पर्यंत ताणायचंय. तो ताणेल. दोन मापं मोठा घेऊन काहीच वाचत नाही, कारण रोज पोहणाऱ्या मुलाचा कॉस्च्युम अंगाला लहान होण्याआधी बहुधा क्लोरीनच संपवतं.

क्लोरीन खातं ते त्यातल्या ताणणाऱ्या धाग्याला. लेबलवर नायलॉनसोबत स्पॅन्डेक्स किंवा इलॅस्टेन लिहिलेलं असतं, तो हा धागा. रोजच्या बॅचला पॉलिएस्टर आणि पीबीटी या त्याच जातीच्या लवचिक धाग्याचं मिश्रण जास्त टिकतं. मात्र ते कमी ताणतं, म्हणून ताणून पाहण्याची परीक्षा तिथे आणखी महत्त्वाची. कॉस्च्युम संपत आलाय हे ओळखायला तो खिडकीच्या उजेडासमोर धरा. बसायच्या जागी कापड विरळ दिसतं, ताणलं की आत कुरकुर ऐकू येते, बारीक पांढरे धागे वर आलेले असतात आणि सोडल्यावर कापड लगेच मागे येत नाही. तिथून पुढे त्याचा भरवसा धरू नका.

घरी आल्यावर खात्री करायची ती अशी. मुलीला दोन्ही हात वर करायला लावा, मग उकिडवं बसवा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, पण पट्टा कानाकडे ओढता येऊ नये. खांद्यावर लालसर वळ उठत असेल तर लहान आहे. सुटं लेबल काढून टाकण्याआधी हे करा.

मुलाच्या शॉर्ट्सचं वेगळं आहे. तिथे वेढा नाही, पकड फक्त कमरेची. म्हणून आतून नाडी असेल तर एक माप मोठी घेतलेली चालते. नुसत्या इलॅस्टिकवर विसंबू नका, उडी मारली की चड्डी खाली येते. खिसेवाल्या, घोळदार शॉर्ट्स शिकणाऱ्या मुलासाठी टाळा. त्यांत हवा आणि पाणी भरतं आणि पाय मारताना त्या मागे ओढतात. गुडघ्यापर्यंतची अंगाबरोबरची बरी. तिला कमरेबरोबर मांडीचंही माप बघा, कारण सैल मांडीतून पाणी आत जातंच.

आणखी एक आठवलं. पाण्यात उतरण्याआधी साध्या पाण्याच्या शॉवरखाली कॉस्च्युम ओला करून घ्या, मग तो टाकीतलं क्लोरीनचं पाणी कमी पितो. बाहेर आल्याबरोबर पुन्हा साध्या पाण्यात खळबळा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा, आणि गच्चीवर उन्हात न टाकता सावलीत वाळवा. ओला गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तापलेल्या गाडीत दुपारपर्यंत ठेवला तर कापड फार लवकर झिजतं. आणि टाकीच्या खरखरीत काठावर मुलांना घसरत बसू देऊ नका, बुडाशी कापड तिथेच विरतं.

खरेदी मार्चच्या सुरुवातीला करा. एप्रिलमध्ये मधली मापं संपलेली असतात आणि उरलेलं मोठं माप ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून गळ्यात मारलं जातं. जाताना टेप आणि निम्म्या वेढ्याचा आकडा जवळ ठेवा, आणि पैसे देण्याआधीच पिशवी उघडून मागा.