श्रेढीचे पेपर वाचणं: ६००० हे उत्तर आलं कुठून?

गल्लीतल्या दहावीच्या पोरांचे पेपर वाचायचा आपला छंद चालूच आहे, यावेळी फक्त अंकगणिती श्रेढी घेतली आणि फक्त एकच गणित, कारण एकाच गणितात इतकं सापडलं की दुसऱ्याकडे वळायची गरजच पडली नाही.

गणित मीच बनवलं, रावेरकडच्या केळीच्या बागेवरून. कटाईच्या पहिल्या दिवशी २०० घड कापले, नंतर रोज आदल्या दिवसापेक्षा ५० जास्त. बाराव्या दिवशी किती, आणि बारा दिवसांत एकूण किती? म्हणजे a = २००, d = ५०, n = १२. पहिल्याचं उत्तर ७५०, दुसऱ्याचं ५७००. a आणि d मुद्दाम वेगळे ठेवले, कारण दोन्ही ५० घेतले असते तर कोणी त्यांची अदलाबदल करून टाकली तरी उत्तर तेच आलं असतं आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

एकूणच्या जागी ७५० लिहिलंय त्याचं निदान सोपं, पोराने Sₙ च्या जागी tₙ वापरलं, सूत्र निवडतानाच गाडी दुसऱ्या रुळावर. आकडा बघूनही कळतं, रोज कमीत कमी २०० घड तर १२ दिवसांचे २४०० च्या खाली जाऊच शकत नाहीत.

खरी मजा ६००० ची. तीन पेपरात एकूण ६००० आलं, आणि घाईत तपासणारा तिघांनाही सारखाच शेरा मारेल. पण वरच्या ओळी वाचल्या तर तिन्हींचा आजार वेगळा.

एकाने सूत्रच असं लिहिलेलं: Sₙ = n/2 [2a + nd]. खाली आकडे त्याने स्वतःच्या सूत्राप्रमाणे बरोबर टाकलेत, ६ × (४०० + ६००). म्हणजे पाठांतरात −१ गळलंय, आकडे टाकण्यात काही खोट नाही. दुसऱ्याने n/2 [2a + (n−1)d] अगदी बरोबर लिहिलं आणि पुढच्याच ओळीत (n−1) च्या जागी १२ ठेवून मोकळा. विचारलं तर म्हणे, "काका, सूत्र ते बरोबर शे ना!" शे ना बाबा, खालची ओळ बघ. तिसरा सगळ्यात फसवा. त्याने n/2 (t₁ + tₙ) घेतलं, योग्य निवड, ६ × (२०० + ८००) असे आकडेही नीट टाकले, फक्त ते ८०० वरच्या उपप्रश्नातून आलेलं, तिथे २०० + १२ × ५० केलेलं. याला बेरजेचं सूत्र पुन्हा शिकवत बसलो तर दोघांचा वेळ वाया, त्याचा उपचार tₙ मध्येच.

सूत्राची ओळ लिहिलेलीच नसेल तर मात्र पहिला आणि दुसरा वेगळे काढता येत नाहीत, सरळ ६ × १००० लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते कागद सांगत नाही. त्याला मी फक्त कोऱ्या कागदावर सूत्र लिहायला लावतो.

आणि लिहिलेलं सूत्र खरं की खोटं हे पोराला स्वतःला कळावं म्हणून n = १ टाकून बघायला सांगतो. [2a + nd] वाल्याचं उत्तर २२५ येतं, पण पहिल्या दिवशी तर २०० च घड होते, मग सूत्र तिथेच पकडलं गेलं. [a + (n−1)d] लिहून पुढचा २ विसरणाऱ्याचं १०० येतं, तोही सापडतो (त्याचं एकूण उत्तर ४५०० असतं). पण ध्यानात घ्या, tₙ आणि Sₙ ची अदलाबदल या चाचणीत सुटून जाते, कारण पहिलं पद आणि एका पदाची बेरीज एकच असते. त्यासाठी n = २ टाकायचं: tₙ २५० देतं, Sₙ ४५०, आणि दोन दिवसांचे घड तर बोटावर मोजता येतात.

आता पुढचा पेपर उलटा काढलाय, एकूण ५७०० दिलेत, दिवस किती ते काढा. बरोबर सूत्राने n² + ७n − २२८ = ० येतं, अवयव (n + १९)(n − १२), उणे दिवस नसतात म्हणून १२. −१ गाळणाऱ्याचं n² + ८n − २२८ = ० होतं, त्याचे पूर्णांकात अवयव पडतच नाहीत, n साधारण ११.६ येतो. म्हणजे तिथे पोरगं स्वतःच अडकेल, आणि अडकून सूत्राकडे परत जातं की ११.६ चे १२ करून पुढे सरकतं हेच मला बघायचंय.